अरबी करारातला ‘त्याला’ म्हणजे नेमका कोणाला?

आखातातल्या नोकरीचा करार किंवा कंपनीचं पत्र मराठीत करून घ्यायला आमच्याकडे येणारे बरेच जण भाषांतर हातात पडल्यावर एकच शंका काढतात. मूळ कागदावर दोन ओळी, मग तुमच्याकडे चार कशा झाल्या? ‘पहिला पक्ष’, ‘दुसरा पक्ष’ असं दर वेळी लिहायची काय गरज? सरळ ‘त्याने त्याला’ लिहा की! असं लिहिणं आम्ही का टाळतो आणि कधीकधी तुम्हालाच उलटे प्रश्न का विचारतो, ते या पत्रकात सांगितलं आहे. अरबी शब्द इथे देवनागरीत साधेपणाने लिहिले आहेत आणि दिसायला सोपं जावं म्हणून मधे आडवी रेघ दिली आहे. मूळ लिखाणात ती रेघ नसते.

शब्दाला चिकटलेलं सर्वनाम

‘त्याचा’, ‘त्याला’, ‘त्याच्याकडून’ यांसाठी अरबीत सहसा वेगळा शब्द लिहीत नाहीत. आधीच्या शब्दाच्या शेवटी एक छोटा तुकडा जोडतात. अज्र म्हणजे मजुरी, अज्र-हु म्हणजे त्याची मजुरी. युसल्लिमु म्हणजे तो सुपूर्द करतो, युसल्लिमु-हु म्हणजे तो त्याला सुपूर्द करतो. मिन म्हणजे पासून, मिन-हु म्हणजे त्याच्यापासून किंवा त्यातून. तुकडा तिन्ही ठिकाणी एकच, काम मात्र वेगळं. नामाला लागला तर मालकी दाखवतो, क्रियापदाला लागला तर कर्म होतो, आणि मिन, फी, इला अशा अव्ययाला लागला तर त्या अव्ययाशी जोडलेली व्यक्ती किंवा वस्तू सांगतो. आधी इकार आला की ‘हु’चा उच्चार ‘हि’ होतो, पण लिहायचं अक्षर तेच राहतं.

काम ओळखणं त्यामुळे सोपं असतं. तुकडा कशाला चिकटला आहे ते पाहिलं की झालं. तो कोणाबद्दल आहे हे ठरवताना मात्र अडचण येते. अरबीत नपुंसकलिंग नाही. करार, पगार, पासपोर्ट, मालक, कामगार हे सगळे अरबीत पुल्लिंगी, म्हणजे सगळ्यांना ‘हु’. त्यात कराराची भाषा दोन्ही बाजूंना ‘पहिला पक्ष’ (अत्-तरफुल-अव्वल) आणि ‘दुसरा पक्ष’ (अत्-तरफुस्-सानी) म्हणते. तरफ हा शब्द पुल्लिंगी असल्यामुळे कंपनी असो की नोकरीला जाणारी परिचारिका, दोघांनाही ‘हु’ लागू शकतो.

एक कलम, सात ‘हु’

नोकरीच्या करारात ज्या धर्तीचं कलम असतं तसं एक आम्ही इथे मांडतो:

यल्तजिमुत्-तरफुल-अव्वलु बि-अन यदफअ लित्-तरफिस्-सानी अज्र-हुश्-शहरिय्य फी मौइदि-हि, व-अन युसल्लिम-हु नुस्खतन मिनल-अक्दि बअद तौकीइ-हि, व-ला यजूजु ल-हु अन यख्सिम मिन-हु अय्य मब्लगिन इल्ला बि-मुवाफकति-हिल-किताबिय्या.

शब्दाला शब्द ठेवून पाहा: पहिला पक्ष बांधील आहे की त्याने दुसऱ्या पक्षाला त्याची मासिक मजुरी त्याच्या वेळेवर द्यावी, त्याला कराराची प्रत त्याच्या सहीनंतर द्यावी, आणि त्याला त्यातून कोणतीही रक्कम त्याच्या लेखी संमतीखेरीज कापता येणार नाही. वाचून डोकं गरगरतं. कोणाच्या संमतीखेरीज, हे या मराठीवरून कळत नाही, आणि पैसे तर नेमके तिथेच अडकलेले असतात.

अरबी व्याकरणात एक जुना नियम आहे: सर्वनाम जवळच्या आधीच्या नामाकडे जातं. जवळचं म्हणजे लिंग आणि वचन जुळणारं जवळचं. सुरुवात इथूनच करायची, पण इथेच थांबायचं नाही. पहिला ‘हु’, अज्र-हु: जवळ दुसरा पक्ष आहे, मजुरी त्याचीच. नियम लागू पडला. दुसरा, मौइदि-हि: जवळ मजुरी आहे, म्हणजे मजुरीची ठरलेली तारीख. पुन्हा लागू पडला. तिसऱ्याला, युसल्लिम-हु, नियम फसतो. जवळची नामं वेळ आणि मजुरी, पण पुढे ‘कराराची प्रत’ हे दुसरं कर्म आलं आहे, त्यामुळे हा ‘हु’ प्रत घेणाऱ्या माणसाचाच असणार, म्हणजे दुसऱ्या पक्षाचा.

चौथा ‘हु’ थोडा नाठाळ आहे. बअद तौकीइ-हि म्हणजे ‘त्याच्या सहीनंतर’. प्रत या अर्थाचा नुस्खा हा शब्द स्त्रीलिंगी आहे, तिच्यासाठी ‘हु’ऐवजी ‘हा’ हा स्त्रीलिंगी तुकडा आला असता, म्हणून ती बाद. करार पुल्लिंगी आहे आणि अगदी जवळ आहे, त्यामुळे ‘करारावर सही झाल्यावर’ हे सरळ वाचन. पण अशा क्रियेच्या नामाला लागलेलं सर्वनाम दोन अर्थ देऊ शकतं: ज्यावर सही झाली तो कागद, किंवा ज्याने सही केली तो माणूस. दुसऱ्या वाचनात कामगाराने सही केली की लगेच प्रत मिळायला हवी. पहिल्या वाचनात कंपनीचीही सही होईपर्यंत थांबवलं जाऊ शकतं. आम्ही पहिलं वाचन देतो आणि दुसऱ्याचा उल्लेख तळटिपेत करतो.

पाचवा, ल-हु: कोणाला परवानगी नाही? जवळ करार आहे, पण करार पैसे कापत नाही. मजुरी जो देतो तोच तिच्यातून कापू शकतो, म्हणून हा पहिला पक्ष. इथे क्रियापदच निकाल लावतं. सहावा, मिन-हु: कशातून कापायचं? मजुरीतून. आणि सातवा, संमतीचा. इथे आमची पद्धत अशी की प्रत्येक शक्य नाव त्या जागी ठेवून वाक्य वाचायचं. ‘पहिल्या पक्षाला स्वतःच्याच लेखी संमतीखेरीज कापता येणार नाही’ असं वाचलं तर कलमाला अर्थच उरत नाही, कारण कापणाराच संमती देणार. म्हणून ही संमती कामगाराची. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्याचं कलम 92 हेच सांगतं: कायद्यात दिलेले अपवाद सोडले तर कामगाराच्या लेखी संमतीशिवाय मजुरीतून कपात नाही.

सातपैकी तीन ठिकाणी जवळचा नियम लागू पडला, चार ठिकाणी नाही. म्हणून आमचं भाषांतर असं येतं:

पहिला पक्ष दुसऱ्या पक्षाला त्याची मासिक मजुरी ठरलेल्या तारखेस देण्यास बांधील आहे, तसेच करारावर सही झाल्यावर [दुसऱ्या पक्षाला] कराराची एक प्रत देण्यास बांधील आहे. [दुसऱ्या पक्षाच्या] लेखी संमतीखेरीज [पहिल्या पक्षाला] [मजुरीतून] कोणतीही रक्कम कापता येणार नाही.

चौकटी कंसातली नावं आमची आहेत. मूळात त्या जागी नुसता ‘हु’ आहे. कंस यासाठी की भाषांतर कुठे शब्दशः आहे आणि कुठे आम्ही अर्थ लावला आहे ते तुम्हाला किंवा तुमच्या वकिलांना वेगळं दिसावं.

स्त्रीलिंगी ‘हा’ आणि कागदांचा गठ्ठा

‘हा’ हा तुकडा स्त्रीसाठी येतो, शरिका म्हणजे कंपनी अशा स्त्रीलिंगी नामासाठी येतो, आणि निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनासाठीही येतो. प्रमाणपत्रं दहा असली तरी अरबीत त्यांना ‘ती’ असं एकवचनी स्त्रीलिंगीच सर्वनाम मिळतं. म्हणून तुईदुश्-शरिकतु शहादातिल-आमिलि व-तुर्सिलु-हा इलै-हि अला नफकति-हा या वाक्यात पहिला ‘हा’ प्रमाणपत्रांचा आणि दुसरा कंपनीचा: कंपनी कामगाराची प्रमाणपत्रं परत करते आणि ती त्याच्याकडे आपल्या खर्चाने पाठवते. खर्च प्रमाणपत्रांचा असू शकत नाही आणि कामगार पुल्लिंगी आहे, त्यामुळे शंकेला जागा नाही.

आता त्याच वाक्यात कंपनीऐवजी ‘पहिला पक्ष’ लिहा. शेवट होतो अला नफकति-हि, ‘त्याच्या खर्चाने’. पहिला पक्षही ‘हु’, कामगारही ‘हु’. शिवाय मराठीत ‘आपल्या खर्चाने’ आणि ‘त्याच्या खर्चाने’ असा जो फरक आपण सहज करतो, तो अरबीच्या या तुकड्यात नाही. कुरियरचे पैसे कोणी भरायचे हे नुसत्या या वाक्यावरून आम्ही सांगू शकत नाही. अशा ठिकाणी आम्ही दोन्ही अर्थ देतो आणि कंपनीकडून लेखी खुलासा मागवा असं सुचवतो. आमचं मत विचाराल तर मसुद्यात सरळ ‘अश्-शरिका’ आणि ‘अल-आमिल’ लिहिणारे लोक फार बरे. पक्ष-पक्ष खेळणाऱ्यांच्या कागदांना आम्हाला वेळ जास्त लागतो.

खबर कोणी दिली?

कंपनीच्या पत्रांत आणखी एक जागा फसवी असते. ‘ना’ हा तुकडा ‘आम्हाला’ या अर्थानेही लागतो आणि भूतकाळी क्रियापदाला ‘आम्ही’ या अर्थानेही. अख्बर्-ना म्हणजे आम्ही कळवलं, अख्बर-ना म्हणजे त्याने आम्हाला कळवलं. फरक फक्त एका आखूड ‘अ’चा आहे, आणि रोजच्या अरबी लिखाणात आखूड स्वर लिहीत नाहीत. त्यामुळे ‘अख्बरना अल-आमिल’ असं छापलेलं असलं की ‘आम्ही कामगाराला कळवलं’ आणि ‘कामगाराने आम्हाला कळवलं’ हे दोन्ही अर्थ कागदावर सारखेच दिसतात. नोकरी सोडण्याची सूचना आधी कोणी दिली यावर हिशेब बदलू शकतो. अशा वेळी पत्रातल्या आधीच्या-नंतरच्या तारखा, पुढच्या वाक्यातला कर्ता आणि तुमच्याकडे असलेला मूळ ईमेल, यांवरूनच निर्णय करावा लागतो. म्हणून आम्ही तुम्हाला विचारतो, ‘राजीनामा तुम्ही दिला होता का, कधी?’ ही चौकशी उगाच नसते.

कागद देताना

कराराची सगळी पानं द्या, वादाचं एकच पान नको. पहिला पक्ष कोण आणि दुसरा कोण, हे पहिल्या पानावर ठरवलेलं असतं. ते नसेल तर पाचव्या पानावरचा ‘हु’ आम्ही कोणाच्या नावावर लावणार?

मोबाईलवर फोटो काढताना अक्षरांवरचे ठिपके स्पष्ट येऊ द्या. शब्दाच्या शेवटी दोन ठिपक्यांचं अक्षर असेल तर ते स्त्रीलिंगाचं चिन्ह, ठिपके नसतील तर तेच ‘त्याचा’ होऊ शकतं. मक्तबा म्हणजे ग्रंथालय, मक्तबु-हु म्हणजे त्याचं कार्यालय, आणि ठिपके पुसले गेले की दोन्ही एकसारखे. टाइप करणारे घाईत ठिपके गाळतात ते वेगळंच, त्यात अंधूक फोटोची भर नको.

सौदी कामगार कायद्याच्या कलम 9 प्रमाणे करार दोन भाषांत असेल तर अरबी मजकूरच ग्राह्य धरला जातो. त्यामुळे आमचं मराठी भाषांतर तुम्हाला समजून घेण्यासाठी आहे. तळटिपेत जिथे ‘दोन अर्थ संभवतात’ असं लिहिलेलं दिसेल, तो मुद्दा सही करण्याआधी कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरात ‘तो’ऐवजी नाव लिहून मागा.