संप, बिनपगारी रजा, टाळेबंदी आणि ईएसआयचे 78 दिवस

कर्मचारी राज्य विमा म्हणजेच ईएसआय कायदा 1948 साली झाला आणि योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. तेव्हा अंशदान आठवड्याचं असे आणि कामगाराच्या कार्डावर त्याची तिकिटं चिकटवली जात. आठवड्यातल्या काही दिवसांचीच मजुरी देय असली तरी मालकाला पूर्ण आठवड्याचं अंशदान भरावं लागे. त्यामुळे संप बुधवारी सुरू झाला तरी त्या आठवड्याचं तिकीट वाचायचं. पुढचे आठवडे मात्र कोरे राहत.

1984च्या दुरुस्तीनं आठवड्याऐवजी वेतनकाळ हा एकक आला आणि पुढे पात्रता दिवसांवर मोजली जाऊ लागली. आजारपणाचा रोख लाभ मिळायला सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान 78 दिवसांची मजुरी लागते. हा आकडा म्हणजे 26 आठवड्यांचे निम्मे 13 आणि आठवड्याला सहा दिवस. मात्र आता अर्धवट आठवड्याची सवलत उरलेली नाही, एकेक दिवस मोजला जातो.

संपाचे दिवस यात धरायचे का, याचं उत्तर 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कायद्यातल्या ‘वेतन’ या व्याख्येत होतं. 1966च्या दुरुस्तीनं मंजूर रजा, टाळेबंदी, बेकायदा नसलेला संप आणि ले-ऑफ म्हणजे काम नसल्यानं तात्पुरतं घरी बसवणं, या काळात कामगाराला दिलेली रक्कम वेतनात धरली गेली. कळीचा शब्द ‘दिलेली’ हा आहे. संप कायदेशीर असला म्हणून त्याचे दिवस आपोआप नोंदीत येत नाहीत, त्या दिवसांचे पैसे मिळाले तरच येतात. म्हणूनच निम्म्या मजुरीवरचा ले-ऑफ नोंद टिकवतो आणि बिनपगारी रजा ती तोडते. संप मिटवताना करारात ‘संपकाळातील वेतन’ असं न लिहिता नुसती ठोक तडजोडीची रक्कम लिहिली, तर ते दिवस हाती लागणं कठीण होतं.

फटका लगेच बसत नाही, म्हणून तो अनेकांच्या लक्षात येत नाही. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबरच्या अंशदानावर पुढच्या 1 जानेवारी ते 30 जूनचा लाभ ठरतो, तर ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर जुलै ते डिसेंबरचा.

रोज 600 रुपये मजुरीचा एक कामगार घेऊ. एप्रिलमध्ये त्याचे 25 दिवस भरले, मेमध्ये 26. 1 जून ते 15 ऑगस्ट संप झाला. ऑगस्टच्या उरलेल्या दिवसांत 13 आणि सप्टेंबरमध्ये 10 दिवस भरले, बाकी सप्टेंबर बिनपगारी रजेत गेला. एकूण 74 दिवस झाले. आधीचे सहा महिने पूर्ण भरलेले असल्यानं डिसेंबरपर्यंत त्याचं काही अडत नाही. फेब्रुवारीपासून तो 30 दिवस आजारी राहिला, तर डॉक्टरचा दाखला असूनही रोख लाभ नाकारला जातो. पात्र असता तर पहिले दोन दिवस वगळून 28 दिवसांचे, 70 टक्के दरानं रोज 420 प्रमाणे 11,760 रुपये मिळाले असते. सप्टेंबरच्या रजेतले चारच दिवस शिल्लक भरपगारी रजेत टाकून घेतले असते तर 78 पूर्ण झाले असते. रजेचा अर्ज लिहिताना हा हिशेब करायलाच हवा, कारण 30 सप्टेंबरनंतर घेतलेली रजा पुढच्या काळात मोजली जाते.

संप चालू असतानाचं आजारपण हा वेगळा प्रश्न आहे. 1948च्या कायद्याच्या कलम 63 नुसार संपाच्या दिवसांचा आजारपणाचा लाभ मिळत नाही. अपवाद मोजके आहेत. कामगार ईएसआय किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात दाखल असेल, दीर्घ आजाराच्या वाढीव लाभाला पात्र असेल किंवा संपाची नोटीस निघण्याआधीपासूनच लाभ घेत असेल, तर तो मिळतो. कामावर झालेल्या अपघाताच्या लाभाला 78 दिवसांची अट मात्र कधीच नव्हती.

कारखाना कायमचा बंद झाला तर नोंद भरून काढायला पुढचा अंशदान काळच उरत नाही. ही पोकळी फार उशिरा, 1 एप्रिल 2005 रोजी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या बेरोजगारी भत्त्यानं काही अंशी भरली. तो भत्ता कारखाना बंद पडणं किंवा कामगारकपात यासाठी आहे. टाळेबंदीत तो मिळत नाही, बेकायदा ठरलेल्या संपातही नाही.

म्हणून मालक दरमहा भरतो त्या विवरणातला `Reason Code` पाहून ठेवावा. शून्य दिवसांच्या महिन्यासमोर संप किंवा टाळेबंदीसाठी 9, रजेसाठी 1, कपातीसाठी 10 आणि नोकरी सोडल्यास 2 टाकतात. कपात झालेल्या माणसासमोर घाईनं 2 पडला, तर त्यानं स्वतःहून नोकरी सोडल्यासारखं दिसतं आणि भत्त्याचा अर्ज तिथेच अडकू शकतो. अशा वेळी कपातीची नोटीस, शेवटच्या महिन्याची पगारचिठ्ठी आणि हजेरीपटाची प्रत घेऊन शाखा कार्यालयात लेखी दुरुस्ती मागावी. कारखान्याचं दफ्तर गुंडाळलं जाण्याआधीच या प्रती हातात घ्याव्यात.