‘ने’वरून प्रयोग ओळखता येत नाही

“सर, ‘शिपायाने चोराला पकडले’ हा गाइडमध्ये कर्मणी दिलाय, कर्त्याला ‘ने’ आहे म्हणून. तुम्ही भावे का म्हणालात?”

अगं, गाइडचं उत्तर चूक आहे. क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं, ते बघायचं. कर्म बदलून पाहा: चोराला पकडले, चोरांना पकडले, टोळीला पकडले. ‘पकडले’ तसंच राहिलं, म्हणून भावे. आता ‘ला’ काढ: शिपायाने चोर पकडला, टोळी पकडली. इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, म्हणून कर्मणी. ‘ने’ तर दोन्हीकडे आहे! या चुकीच्या नियमापायी मुलांचे हक्काचे गुण जातात, याचं फार वाईट वाटतं.

उलट ‘मी आंबा खाल्ला’ यात ‘ने’ दिसतच नाही, तरी प्रयोग कर्मणीच. आंब्याऐवजी पोळी घातलीस की ‘खाल्ली’ होतं.