दुकानातला स्पीकर आणि बँकेचा मेसेज: कोण काय सांगतं आणि उशीर कुठे होतो

काउंटरवरचा स्पीकर ‘साठ रुपये प्राप्त झाले’ म्हणाला की बरेच दुकानदार निर्धास्त होतात. काही जण मात्र स्पीकरवर विसंबत नाहीत. बँकेचा मेसेज येईपर्यंत ते गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतात. दोघांचीही समजूत अशी असते, की पैसे आल्याची हीच एक खात्री आहे आणि ती फक्त दोन वाटांनी मिळते. प्रत्यक्षात स्पीकर आणि मेसेज दोन वेगळ्या ठिकाणांहून, दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. म्हणून एक आला आणि दुसरा आला नाही, तर त्यात नेहमीच काही बिघडलेलं असतं असं नाही.

आधी पैसे कसे जातात ते पाहू. गिऱ्हाईक स्कॅन करून पिन टाकतं. त्याच्या अ‍ॅपकडून निरोप एनपीसीआयकडे, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडे जातो. एनपीसीआय गिऱ्हाइकाच्या बँकेला पैसे वजा करायला सांगते आणि मग समोरच्या बँकेला जमा करायला सांगते. दोन्हीकडून होकार आला की निकाल दोन्ही बाजूंच्या अ‍ॅपना कळवला जातो. एरवी हे सगळं काही सेकंदांत उरकतं. स्पीकर आणि मेसेज यांचं काम या निकालानंतर सुरू होतं. व्यवहार पुरा करण्यात दोघांचाही वाटा नसतो, त्यामुळे स्पीकर बंद असला तरी पैसे येतातच.

स्पीकरला बोलायला सांगते ती कंपनी, जिचा स्कॅनर तुम्ही लावला आहे. निकाल त्या कंपनीच्या सर्व्हरवर पोचला की सर्व्हर स्पीकरला एक छोटा निरोप पाठवतो. स्पीकरच्या आत स्वतःचं सिमकार्ड असतं आणि त्यावरून तो सर्व्हरशी सतत जोडलेला राहतो. रक्कम मिळाली की बहुतेक यंत्रं आत साठवलेले आवाजाचे तुकडे जोडून ती वाचून दाखवतात. बँकेचा मेसेज मात्र बँकेच्या खातेवहीत नोंद पडल्यावर निघतो. म्हणजे स्पीकर सांगतो ‘या स्कॅनरवरचा व्यवहार यशस्वी झाला’, तर मेसेज सांगतो ‘या खात्यात रक्कम जमा झाली’.

या फरकातून दुकानदारांना सर्वात जास्त छळणारा प्रश्न सुटतो: दिवसभर स्पीकर बोलत होता, पण बँकेचा एकही मेसेज का नाही? स्कॅनर पेमेंट कंपनीचा असेल, तर अनेकदा गिऱ्हाइकांचे पैसे आधी त्या कंपनीच्या व्यवस्थेत गोळा होतात आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एकरकमी तुमच्या खात्यात येतात. यालाच सेटलमेंट म्हणतात. अशा वेळी बँकेला साठ, पस्तीस, एकशेवीस अशा सुट्या रकमा दिसतच नाहीत. त्यांची एकच मोठी जमा दिसते आणि मेसेज आलाच तर तेवढ्याचा येतो. स्कॅनर बँकेचा असेल किंवा रक्कम थेट खात्यात पडत असेल, तरच प्रत्येक गिऱ्हाइकामागे मेसेजची अपेक्षा ठेवता येते. तुमचं कोणत्या प्रकारचं आहे हे दुकानदारांच्या अ‍ॅपमध्ये ‘सेटलमेंट’च्या पानावर कळतं.

थेट जमा होत असूनही मेसेज न येण्याचं दुसरं साधं कारण म्हणजे बँकेनंच तो पाठवलेला नसतो. छोट्या रकमांचे मेसेज बंद करण्याकडे बँकांचा कल आहे, कारण प्रत्येक मेसेजला पैसे पडतात. एचडीएफसी बँकेने 25 जून 2024 पासून यूपीआयवरून जमा होणाऱ्या पाचशे रुपयांखालच्या आणि वजा होणाऱ्या शंभर रुपयांखालच्या रकमांचे मेसेज थांबवले. चहा-वडापावच्या गाडीवर पाचशेच्या वर रक्कम क्वचितच येते. तिथे मेसेजची वाट पाहणं म्हणजे न सुटलेल्या गाडीची वाट पाहणं.

बँकेने पाठवलेला मेसेजही सरळ तुमच्या फोनवर येत नाही. तो आधी घाऊक मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे जातो. तिथून मोबाइल कंपनीच्या डीएलटी व्यवस्थेत बँकेचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवलेल्या नमुन्याशी जुळतो का ते तपासलं जातं. जुळला नाही तर मेसेज तिथेच अडतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यापुढे मोबाइल कंपनीचं मेसेज केंद्र येतं. फोन बंद असेल किंवा रेंजबाहेर असेल, तर हे केंद्र मेसेज राखून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. म्हणूनच दुपारी तीनचा जमा मेसेज कधी कधी रात्री येतो. आणि एक नेहमीची गफलत: खात्याला जोडलेला नंबर मुलाचा असतो किंवा जुना, बंद पडलेला असतो, आणि दुकानदार भलत्याच फोनकडे डोळे लावून बसतो.

आता स्पीकरकडे येऊ, कारण गर्दीच्या वेळी भांडण त्याच्यावरूनच होतं. संध्याकाळचे सात, मंडईतला नारळाचा गाळा, मागे लोखंडी शटर, पुढे माणसांची रेटारेटी. एका गिऱ्हाइकाने साठ रुपये दिले, त्याच्या फोनवर हिरवी खूण आली, पण स्पीकर गप्प. दोन मिनिटांनी तोच स्पीकर एका दमात तीन रकमा बोलून गेला: चाळीस, साठ, नव्वद. तोवर ते गिऱ्हाईक आणखी साठ रुपये रोख देऊन निघून गेलेलं असतं.

इथे पैसे कुठेच अडकले नव्हते. स्पीकर आणि सर्व्हर यांच्यातली जोडणी तुटली होती. बऱ्याच स्पीकरमध्ये टू-जी नेटवर्कवर चालणारं मोडेम असतं, आणि दाट वस्तीत संध्याकाळी हे नेटवर्क फार तोकडं पडतं. निरोप अगदी लहान असतो, त्यामुळे वेगाची अडचण नसते. अडचण असते ती जोडणी टिकण्याची. बराच वेळ काही देवाणघेवाण झाली नाही, तर मोबाइल कंपनीचं जाळं जोडणी गुपचूप बंद करतं. ते टाळायला स्पीकर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा निरोप पाठवत राहतो. यातला एखादा हुकला, तर जोडणी तुटल्याचं स्पीकरला लगेच उमगत नाही. पुढची वेळ येते, उत्तर मिळत नाही, तेव्हा तो नव्याने जोडणी करतो. मधल्या काळातले निरोप सर्व्हर धरून ठेवतो आणि जोडणी झाली की एकापाठोपाठ एक सोडतो. एकेक घोषणा बोलायला तीन-चार सेकंद लागतात, त्यामुळे रांगेतला तिसरा आणखी मागे पडतो. काही कंपन्या फार जुने निरोप बोलतच नाहीत, कारण तासाभरापूर्वीची रक्कम आत्ता ऐकू आली तर ती समोर उभ्या गिऱ्हाइकाची समजली जाईल. अशा वेळी रक्कम अ‍ॅपमध्ये दिसते पण कधीच ऐकू येत नाही.

याच्या उलटही घडतं. स्पीकरने निरोप मिळाल्याची पोच दिली, पण ती सर्व्हरपर्यंत पोचली नाही, तर सर्व्हर तोच निरोप पुन्हा पाठवतो. चांगलं यंत्र व्यवहाराचा क्रमांक पाहून दुसरा निरोप टाकून देतं. साधं यंत्र तीच रक्कम दोनदा बोलतं. तेव्हा दोनदा ऐकलं म्हणून गिऱ्हाइकाला पैसे परत देण्याआधी अ‍ॅपमध्ये नोंदी किती आहेत ते मोजा.

उपाय बहुतेक जागेचा असतो. स्पीकर फ्रिजच्या मागे किंवा स्टीलच्या रॅकमध्ये ठेवू नका, रस्त्याच्या बाजूला ठेवा. त्याच्या आतलं सिम ज्या कंपनीचं आहे, त्याच कंपनीचं सिम असलेला फोन गल्ल्यावर आणून रेंज पाहा. तिथे ती नसेल तर कंपनीकडे फोर-जी स्पीकर किंवा दुसरं सिम मागा. सकाळी दुकान उघडल्यावर स्पीकर एकदा बंद करून चालू करा आणि घरच्या कोणाच्या फोनवरून एक रुपया टाकून पाहा.

स्पीकर गप्प राहण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते जास्त धोक्याचं आहे: पैसे त्या स्कॅनरवर गेलेलेच नसतात. गिऱ्हाइकाने तुमच्या मोबाइल नंबरवर पाठवले असतील तर स्पीकर बोलणार नाही, कारण तो फक्त आपल्या स्कॅनरचं सांगतो. काउंटरवर दोन कंपन्यांचे स्कॅनर असतील तर एकावरचे पैसे दुसऱ्याचा स्पीकर बोलत नाही. आणि तुमच्या स्टिकरवर कोणी रात्रीतून दुसरा स्टिकर चिकटवला असेल, तर गिऱ्हाइकाचे पैसे खरोखर गेलेले असतात, फक्त तुमच्याकडे आलेले नसतात. म्हणून स्पीकर गप्प राहिला की गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण पाहू नका, तिच्याखालचं नाव वाचा.

त्याखाली बारा आकडी क्रमांक असतो, यूटीआर. सहसा त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. 2 जून 2025 हा वर्षातला 153वा दिवस, म्हणून त्या दिवशीचा क्रमांक 5153 ने सुरू होतो. जुना स्क्रीनशॉट दाखवणारा इथे पटकन सापडतो. पक्की खात्री मात्र तो क्रमांक तुमच्या अ‍ॅपमधल्या नोंदीशी जुळवूनच होते.

मेसेजचीही नक्कल होते. ‘तुमच्या खात्यात दोन हजार जमा’ असा मजकूर कोणीही लिहून पाठवू शकतं. खरा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं छोटं नाव असतं आणि 2025 पासून त्याच्या शेवटी `-S` किंवा `-T` असं अक्षर असतं. `-P` असेल तर ती जाहिरात.

उरतो तो प्रसंग, जिथे गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे वजा झालेत, त्याच्या फोनवर ‘पेंडिंग’ दिसतं, आणि तुमचा स्पीकर, मेसेज, अ‍ॅप सगळेच गप्प आहेत. इथे उशीर निरोपात नाही, व्यवहारातच आहे: बहुधा तुमच्याकडच्या बँकेचा होकार वेळेत पोचला नाही. गिऱ्हाइकाला लगेच पुन्हा स्कॅन करायला लावू नका, कारण पहिला व्यवहार पाच मिनिटांनी यशस्वी ठरू शकतो. यूटीआर लिहून घ्या. घाई असेल तर रोख घ्या आणि ऑनलाइन रक्कम आली तर ती परत करण्यासाठी गिऱ्हाइकाचा नंबर ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री पोचली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत. साध्या व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नसतील, तर मुदत एकच दिवस. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. ती बँकेने आपणहून जमा करायची असते. तसं झालं नाही, तर गिऱ्हाइकाने स्वतःच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार नोंदवायची. दुकानदाराला ती इथून करता येत नाही.