सेक्स्टंट आणि घड्याळातले बारा

“घड्याळात बरोबर बारा वाजता सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजली की अक्षांश मिळतो.”

हा समज चुकीचा आहे. सेक्स्टंट म्हणजे सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजायचं उपकरण, आणि त्याने मोजायची असते ती सूर्याची त्या दिवसातली सर्वांत जास्त उंची. आपलं घड्याळ ८२.५° रेखांशावर चालतं आणि मुंबई ७२°५०′ वर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथली मध्यान्ह सरासरी १२:३९ ला. तीही ऋतूनुसार चौदा ते सोळा मिनिटांपर्यंत पुढेमागे सरकते.

२२ डिसेंबरला कुलाब्याजवळच्या समुद्रात, मोजलेल्या कोनात सगळ्या दुरुस्त्या केल्यावर, १२:३७ च्या सुमारास उंची ४७°३९′ भरते. ९०° मधून ती वजा केली की ४२°२१′ उरतात. सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या २३°२६′ दक्षिणेला, तेवढे वजा केले की अक्षांश १८°५५′. बाराच्या ठोक्याला मोजलं असतं तर उंची जवळपास एक अंश कमी, आणि जहाज नकाशावर शंभरेक किलोमीटर उत्तरेला! म्हणून जाणकार घड्याळ बघून थांबत नाहीत. सूर्य चढायचा थांबून उतरू लागेपर्यंत मोजत राहतात.

सेक्स्टंट नसेल तर मुंबईतल्या एखाद्या गच्चीवर सरळ काठी उभी करा आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सर्वांत आखूड सावली बाराची नसेल.