माइम (ईमेल प्रणाली)

माइम, म्हणजेच मल्टिपर्पज इंटरनेट मेल एक्स्टेन्शन्स, ही ईमेलमधला देवनागरी मजकूर, चित्रे, ध्वनी आणि फायली फक्त साध्या इंग्रजी अक्षरांत बांधून पाठवण्याची आणि पलीकडे पुन्हा उलगडण्याची ठरलेली पद्धत आहे. नथॅनिएल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड यांनी ती जून १९९२ मध्ये आरएफसी १३४१ या दस्तऐवजात मांडली. आज वापरात असलेले तिचे रूप १९९६ च्या आरएफसी २०४५ ते २०४९ मध्ये आहे.

माइमची गरज समजायला दहा वर्षे मागे जावे लागते. १९८२ मध्ये ठरलेल्या एसएमटीपी या टपाल-प्रोटोकॉलने पत्राचा मजकूर अॅस्की संचातच असेल असे धरले होते. अॅस्कीत १२८ चिन्हे आहेत आणि त्यांना सात बिट पुरतात. बाइटमधला आठवा बिट शून्यच असावा असा नियम होता, त्यामुळे वाटेतल्या एखाद्या सर्व्हरने तो पुसून टाकला तरी ती चूक ठरत नव्हती. शिवाय एक ओळ ९९८ बाइटांपेक्षा मोठी नको, आणि ओळीचा शेवट सीआर व एलएफ या दोन नियंत्रण-चिन्हांच्या जोडीनेच व्हायला हवा, अशाही अटी होत्या.

देवनागरी या चौकटीत का बसत नाही, ते एका शब्दावर पाहता येते. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्या तिन्ही बाइटांचा आठवा बिट एक असतो. ‘नमस्ते’ या शब्दात न, म, स, पाय मोडल्याची खूण, त आणि मात्रा अशी सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट आहेत. आठवा बिट पुसला गेला तर त्यांतल्या दोन चिन्हांचे असे होते:

```
न   E0 A4 A8  ->  60 24 28  =  `$(
्   E0 A5 8D  ->  60 25 0D  =  `% + CR
```

पहिल्या ओळीतला ‘न’ निरर्थक खुणांत बदलतो, पण खरी हानी दुसऱ्या ओळीत आहे. हलन्ताचा शेवटचा बाइट 8D हा 0D होतो, आणि 0D म्हणजे सीआर. एसएमटीपीत एकटा सीआर निषिद्ध आहे. तो दिसल्यावर काही सर्व्हर ओळ तोडतात, काही पत्रच नाकारतात. जोडाक्षरे तर मराठीत पावलोपावली येतात. चित्रांच्या फायलींनाही हाच धोका असतो. पीएनजी चित्राची पहिली आठ बाइटे मुद्दाम तशी निवडलेली आहेत: त्यांत आठवा बिट एक असलेला एक बाइट आहे, सीआर-एलएफची जोडी आहे आणि एकटा एलएफही आहे. वाटेत यांतले काहीही बदलले, की फाईल उघडणाऱ्या प्रोग्रामला बिघाड तिथेच कळतो.

बोरेन्स्टीन आणि फ्रीड यांनी वाटेतले सर्व्हर बदलायला सांगितले नाही, ही या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. पत्राची बांधणी बदलायची आणि ती फक्त दोन टोकांच्या प्रोग्रामांना कळली की पुरे, असे त्यांनी ठरवले. बांधणीची मुख्य रीत म्हणजे बेस६४. तीन बाइटांचे २४ बिट घ्यायचे, त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट करायचे आणि प्रत्येक गटासाठी A–Z, a–z, 0–9, + आणि / या ६४ चिन्हांतले एक लिहायचे. ही चिन्हे कुठल्याही सर्व्हरमधून सुखरूप जातात. ‘नमस्ते’ एवढेच लिहिलेले पत्र मग असे दिसते:

```
MIME-Version: 1.0
Subject: =?UTF-8?B?4KSo4KSu4KS44KWN4KSk4KWH?=
Content-Type: text/plain; charset=UTF-8
Content-Transfer-Encoding: base64

4KSo4KSu4KS44KWN4KSk4KWH
```

`Content-Type` सांगते की हा साधा मजकूर आहे आणि त्याची अक्षरे यूटीएफ-८ मध्ये आहेत. `Content-Transfer-Encoding` सांगते की प्रवासासाठी तो बेस६४ मध्ये बांधला आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याचा मोठा फायदा झाला. यूटीएफ-८ चा जन्म सप्टेंबर १९९२ चा, म्हणजे माइमनंतरचा. तरीही `charset` पुढे नवे नाव लिहिण्याची सोय असल्याने ते माइममध्ये अलगद सामावले.

दुसऱ्या रीतीत, क्वोटेड-प्रिंटेबलमध्ये, अॅस्की अक्षरे तशीच राहतात आणि बाकीचा प्रत्येक बाइट `=E0` अशा तीन चिन्हांत लिहिला जातो. क्वचित एखादे परके अक्षर असलेल्या इंग्रजी मजकुराला ती उत्तम आहे. देवनागरीच्या एका चिन्हाला मात्र तिच्यात नऊ चिन्हे लागतात, बेस६४ मध्ये चार. म्हणून मराठी पत्राला बेस६४ च सोयीचे.

विषयाची ओळ पत्राच्या शीर्षभागात असल्यामुळे तिच्यासाठी वर दिसणारी `=?UTF-8?B?…?=` अशी वेगळी बांधणी आहे. अशा एका तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा आहे. त्यातून आवरणाची चिन्हे वजा केली की देवनागरीची फार तर १५ चिन्हे मावतात. लांब विषयाचे अनेक तुकडे करावे लागतात, आणि कोणत्याही चिन्हाचे तीन बाइट दोन तुकड्यांत विभागता येत नाहीत. हा नियम न पाळणाऱ्या प्रोग्रामने पाठवलेल्या विषयात मध्येच � दिसते.

अटॅचमेंटसाठी पत्राचा प्रकार `multipart/mixed` होतो. शीर्षभागात `boundary` म्हणून एक खूण जाहीर केली जाते, पुढे `--` लावून तीच खूण प्रत्येक भागाच्या आधी येते, आणि शेवटच्या खुणेनंतर आणखी एकदा `--` लिहिले जाते. प्रत्येक भागाला स्वतःचा प्रकार आणि स्वतःची बांधणी असते. बेस६४ च्या चिन्हांत `-` नसल्यामुळे फाईलच्या आतच चुकून सीमारेषा उमटण्याची भीती नाही. किंमत मोजावी लागते ती आकारात: ५७ बाइटांची ७६ चिन्हांची एक ओळ होते, त्यात ओळ संपवणारे दोन बाइट मिळवले की वाढ सुमारे ३७ टक्के होते. पत्राची मर्यादा २५ एमबी असेल, तर प्रत्यक्षात १८ एमबीच्या आसपासची फाईलच जाते.

पुढे 8BITMIME या विस्ताराने सर्व्हर आठही बिट जपण्याची हमी देऊ लागले. पण ओळीची ९९८ बाइटांची मर्यादा त्याने हटवली नाही. देवनागरीची साधारण ३३२ चिन्हे झाली की ती भरते, आणि मराठीतला एक सलग परिच्छेद सहज तेवढा असतो. अशी लांब ओळ सर्व्हरने मध्येच तोडली, तर एखादे अक्षरही त्यासोबत तुटू शकते. म्हणूनच हा विस्तार असतानाही बेस६४ अधिक भरवशाचे आहे.

बिघडलेले पत्र पाहून बिघाड कुठे झाला ते बऱ्याचदा ओळखता येते. देवनागरीचे कोणतेही चिन्ह बेस६४ मध्ये 4KS किंवा 4KW ने सुरू होते, निदान पहिली मोकळी जागा येऊन बाइटांची जुळणी सरकेपर्यंत. पडद्यावर अशा गटांची रांग दिसली तर बांधणी उलगडलीच गेलेली नाही. ‘à¤¨à¤®’ असे दिसले तर बांधणी उलगडली, पण `charset` हरवले किंवा चुकीचे वाचले गेले. या दोन्ही वेळी मूळ बाइट शाबूत असतात आणि योग्य संकेतन निवडले की मजकूर परत मिळतो. ‘??????’ असे दिसले तर मात्र एखाद्या प्रोग्रामने देवनागरी नसलेल्या संचात मजकूर बदलून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलेले असते. त्यातून काहीच परत मिळत नाही. पाठवणाऱ्याकडून पत्र पुन्हा मागवावे लागते.