पहिला सेल्समन आणि त्याचं कमिशन (छोटे कारखाने)

छोट्या कारखान्यात सुरुवातीला विक्री मालक स्वतःच बघतो. त्या कामाला पहिल्यांदा बाहेरचा माणूस घेतला की फिक्स पगाराच्या वर विक्रीच्या हिशोबाने त्याला जे मिळतं ते कमिशन. टक्का किती हे नंतर, आधी तो कशावर मोजायचा ते ठरवायला लागतं.

बहुतेक जण बिलाच्या रकमेवर मोजतात कारण हिशोब सोपा, आणि गडबड तिथेच होते. समजा एका नगाची किंमत १००, कच्चा माल आणि मजुरी धरून ७० जातात, उरतात ३०. बिलावर ३ टक्के असेल तर सेल्समनला ३ मिळतात. आता गिऱ्हाईक अडून बसलं म्हणून त्याने १० टक्के सूट दिली तर त्याचे ३ चे २.७ होतात, म्हणजे फारसं काही जात नाही, पण कारखान्याचे ३० चे थेट २० होतात. यात त्या माणसाला दोष देऊ नये, प्लॅननेच त्याला सूट देणं परवडतं. तेच कमिशन उरलेल्या ३० वर १० टक्के ठरवलं तर आधी तेवढेच ३ मिळतात पण सूट दिली की २ वर येतात, मग तो भाव सोडताना मालकासारखाच विचार करतो.

यासाठी त्याला खर्च दाखवावा लागतो आणि ते बऱ्याच मालकांना जड जातं. उपाय म्हणजे प्रत्येक मालाचा एक ठरलेला खर्च लिहून द्यायचा आणि तो ठरल्या मुदतीपर्यंत बदलायचा नाही. नाहीतर कारखान्यात खराब माल जास्त निघाला की खर्च वाढून त्याचं कमिशन कापलं जातं, आणि मशीनवर काय चाललंय ते काही त्याच्या हातात नसतं.

कमिशन ऑर्डर आल्यावर नाही, पैसे जमा झाल्यावर द्यावं, म्हणजे उधारी बुडवणारं गिऱ्हाईक तो आणत नाही. पण माल खराब गेला म्हणून पेमेंट अडकलं असेल तर त्याचं कमिशन रोखणं अन्यायच आहे, आणि ही अट नेमणूकपत्रातच लिहिलेली बरी. मालकाच्या जुन्या गिऱ्हाइकांची यादीही तिथेच जोडावी, त्यांच्यावर कमिशन कमी किंवा अजिबात नाही, नाहीतर पुढे रिपीट ऑर्डर कोणाची यावरून भांडण ठरलेलं.

पहिली भेट ते पहिलं पेमेंट यात ६ महिने जात असतील तर तेवढे महिने कमिशनऐवजी ठरावीक रक्कम द्यावी आणि ती नंतर वसूल करू नये, नाहीतर चांगला माणूस चौथ्या महिन्यातच सोडून जातो. हा कालावधी मालकाने आपल्याच जुन्या ऑर्डरींवरून काढावा. मुलाखतीत उमेदवाराला एकच ऑर्डर पहिल्या फोनपासून चेक हातात येईपर्यंत सांगायला लावावी, ज्याने खरंच विकलंय तो ड्रॉइंग, सॅम्पल, भाव कुठे अडला हे सगळं सांगतो, आणि मोठ्या कंपनीच्या नावावर आयत्या ऑर्डरी घेतलेला मधले टप्पे गाळतो.