परदेशात राहणाऱ्या निवृत्तांचे मायदेशी निवृत्तिवेतन व दुहेरी करातून सवलत

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मुलामुलींकडे परदेशी राहायला गेलेल्या व्यक्तीला मायदेशातून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर दोन्ही देश कर मागू शकतात. पैसा आपल्या देशातून निघतो म्हणून मायदेश कर मागतो, आणि व्यक्ती आपली रहिवासी असल्याने तिचे जगभरातील उत्पन्न करपात्र ठरते म्हणून निवासदेश मागतो. हा दुहेरी भार टाळण्यासाठी दोन देश आपसात करार करतात. बहुतेक करारांचा साचा आर्थिक सहकार व विकास संघटनेच्या (१९६३ चा मसुदा, १९७७ चा नमुना) किंवा संयुक्त राष्ट्रांच्या (१९८०) नमुना करारावरून घेतलेला असतो. प्रत्यक्ष करारांत फरक असतात. त्यामुळे पुढील विवेचन नमुन्याला धरून असले, तरी निर्णय त्या दोन देशांच्या कराराचा मजकूर वाचूनच करावा लागतो.

सर्वांत आधी व्यक्ती कराच्या दृष्टीने कोणत्या देशाची रहिवासी आहे हे ठरते. दोन्ही देशांचे कायदे तिला आपली रहिवासी मानत असतील, तर नमुना कराराचे चौथे कलम क्रमाने कसोट्या लावते. कायम घर कोठे उपलब्ध आहे ही पहिली कसोटी असून त्यानंतर वैयक्तिक व आर्थिक संबंध कोठे अधिक निकटचे आहेत, नेहमीचे वास्तव्य कोठे आहे आणि नागरिकत्व कोणते आहे हे पाहिले जाते. तरीही उलगडा न झाल्यास दोन्ही देशांचे करअधिकारी आपसात ठरवतात. मुलांकडे राहणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत पहिली कसोटीच सर्वांत नाजूक असते. घर स्वतःच्या मालकीचे असण्याची अट नाही. मुलाच्या घरातील एखादी खोली सतत आणि केव्हाही वापरता येईल अशी असेल, तर तीही कायम घर ठरू शकते. सुटीपुरता पाहुणा म्हणून उतरण्याची सोय मात्र तशी ठरत नाही. उलट मायदेशातील स्वतःचे घर तिऱ्हाइताला भाड्याने देऊन त्याचा ताबा सोडला असेल, तर ते या कसोटीपुरते उपलब्ध राहत नाही. २०१७ पासून नमुना कराराच्या भाष्यात हे स्पष्टपणे म्हटले आहे. म्हणजे जुने घर कुलूप लावून तसेच ठेवले की भाडेकरू ठेवला, या घरगुती वाटणाऱ्या निर्णयावर करदेश बदलू शकतो. घर कुलूपबंद ठेवणाऱ्याची दोन्हीकडे घरे उपलब्ध राहतात, आणि मग मुले-नातवंडे एकीकडे व बँक खाती, मालमत्ता, जुना परिवार दुसरीकडे, असा तोल अधिकाऱ्यांना पाहावा लागतो.

रहिवास ठरला की निवृत्तिवेतन कोणत्या नोकरीचे आहे हा प्रश्न येतो. खासगी नोकरीच्या निवृत्तिवेतनावर अठराव्या कलमानुसार केवळ निवासदेश कर घेतो. सरकारी सेवेबद्दलच्या निवृत्तिवेतनावर मात्र एकोणिसाव्या कलमानुसार केवळ ते देणारा देश कर घेतो. या दुसऱ्या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. निवृत्त व्यक्ती निवासदेशाची रहिवासी असून तेथील नागरिकही असेल, तर कराचा अधिकार निवासदेशाकडे जातो. व्हिसाची कटकट नको म्हणून मुलांच्या आग्रहावरून नागरिकत्व घेणाऱ्या निवृत्त शासकीय कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन अशा रीतीने एका देशाच्या करातून निघून दुसऱ्याच्या करात येते, आणि ही गोष्ट बहुधा अर्ज भरताना कोणाच्या ध्यानीमनी नसते. शिवाय सरकारी मालकीचा उपक्रम व्यापारी स्वरूपाचा असेल, तर तेथील नोकरी या कलमापुरती सरकारी सेवा धरली जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यात सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळणाऱ्या रकमांवरील अधिकार देणाऱ्या देशाकडे ठेवला आहे, आणि त्यातील एका पर्यायात इतर निवृत्तिवेतनावरही देणाऱ्या देशाला कर घेता येतो.

दोन्ही देशांना कराचा अधिकार असेल तेथे निवासदेश साधारणपणे कर जमा देऊन सवलत देतो, म्हणजे मायदेशात भरलेला कर आपल्या करातून वजा करतो. समजा, एका निवृत्त शिक्षिकेला वर्षाला ६,००,००० इतके निवृत्तिवेतन मिळते, मायदेश उगमस्थानीच ६०,००० कर कापतो, आणि त्याच रकमेवर निवासदेशाचा कर ९०,००० होतो. तिला निवासदेशात ३०,००० भरावे लागतील आणि एकूण भार ९०,००० राहील. निवासदेशाचा कर ४५,००० च असता, तर तेथे काही भरावे लागले नसते. पण उरलेले १५,००० तो देश परत करत नाही, कारण जमा आपल्या करापुरतीच मर्यादित असते. एकूण भार नेहमी दोहोंपैकी जास्त दराइतका राहतो.

आता याच शिक्षिकेची नोकरी खासगी शाळेतली होती आणि लागू करार अठराव्या कलमाच्या साच्याचा आहे असे धरू. मायदेशाला कराचा अधिकारच नाही. पण निवृत्तिवेतन देणाऱ्या संस्थेकडे तिचा परदेशी रहिवास नोंदलेला नसल्याने ६०,००० कापले गेले. ही रक्कम ती निवासदेशात वजा मागते आणि मागणी फेटाळली जाते. जमा मिळते ती कराराप्रमाणे योग्य रीतीने घेतलेल्या कराची. चुकून कापलेला कर मायदेशाकडूनच परतावा म्हणून मागावा लागतो. या विषयात सर्वाधिक पैसा अडकतो तो येथे. निवासदेशाच्या करनिर्धारणात मायदेशी कराची वजावट नाकारली जाणे आणि मायदेशाच्या कपातीच्या दाखल्यावर मात्र रक्कम दिसणे, ही त्याची खूण. उपाय म्हणजे निवासदेशाच्या करखात्याकडून रहिवास प्रमाणपत्र घेऊन ते निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयात दरवर्षी वेळेत दाखल करणे, आणि झालेल्या कपातीसाठी मायदेशात मुदतीत विवरणपत्र भरणे.

काही करारांत निवासदेश जमा न देता मायदेशी निवृत्तिवेतन करमुक्त धरतो, परंतु इतर उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजतो. समजा, निवासदेशात पहिल्या ३,००,००० वर कर नाही, पुढच्या ३,००,००० वर १० टक्के आणि त्यावर २० टक्के कर आहे. ६,००,००० च्या करमुक्त सरकारी निवृत्तिवेतनाखेरीज २,००,००० व्याज मिळत असेल, तर एरवी व्याजावर काहीच कर लागला नसता. येथे ८,००,००० वरचा कर ७०,०००, म्हणजे सरासरी ८.७५ टक्के, आणि तो दर व्याजाला लावून १७,५०० भरावे लागतात. म्हणून करमुक्त उत्पन्नही विवरणपत्रात दाखवावेच लागते.

कराराने कराचा अधिकार निवासदेशाला मिळूनही त्याने तो वापरला नाही, तर निवृत्तिवेतनावर कोठेच कर लागत नाही. पोर्तुगालने २००९ पासून नव्याने आलेल्या रहिवाशांसाठी आखलेल्या सवलत योजनेत परदेशी निवृत्तिवेतन दहा वर्षे करमुक्त राहू शकत होते. त्यावरून फिनलंडने पोर्तुगालशी असलेला करार २०१९ पासून आणि स्वीडनने २०२२ पासून संपुष्टात आणला. मधल्या काळात, २०२० मध्ये, पोर्तुगालने नव्या येणाऱ्यांसाठी १० टक्के दर लावला. करार नसतो तेथे निवासदेशाच्या स्वतःच्या कायद्यातील एकतर्फी जमा मिळू शकते, पण तिच्या अटी तो देशच ठरवतो.

दोन्ही देश आपापल्या अर्थावर अडून बसले, तर नमुन्याच्या पंचविसाव्या कलमाखाली करदात्याला आपल्या देशाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे परस्पर सहमतीची प्रक्रिया मागता येते. कराराविरुद्ध करआकारणी झाल्याची पहिली सूचना मिळाल्यापासून त्यासाठी ३ वर्षांची मुदत असते.